पगार सांगायचा नाही, असं करारात लिहिलं होतं

ऑस्ट्रेलियात नोकरीला लागलो तेव्हा, म्हणजे 2021 मध्ये, सही केलेल्या करारात एक कलम होतं: आपला पगार कोणत्याही सहकाऱ्याला सांगू नये, सांगितल्यास शिस्तभंगाची कारवाई होईल. ते कलम उघडून नीट वाचायची वेळ आली ती एचआरच्या एका मेलमुळे. मी आणि शेजारी बसणारा सहकारी जेवताना पगाराबद्दल बोललो, ते कुणीतरी वर पोहोचवलं आणि दोघांनाही ‘गोपनीयतेचा भंग’ अशा विषयाची ताकीद आली.

मी आधी फेअर वर्क अॅक्ट या ऑस्ट्रेलियाच्या कामगार कायद्यातली दुरुस्ती शोधली. 7 डिसेंबर 2022 पासून तिथल्या कर्मचाऱ्याला आपला पगार सांगायचा, न सांगायचा आणि दुसऱ्याला त्याचा विचारायचाही हक्क आहे. नोकरी सोडल्यावरही तो राहतो. त्यामुळे ताकीद आपोआप रद्द, असं वाटलं. पण खरी मेख करार कधीचा आहे यात होती.

सहकाऱ्याचं प्रकरण सोपं होतं. तो 2023 च्या अखेरीस लागला आणि त्याच्या करारात तेच जुनं कलम जसंच्या तसं चिकटवलेलं. 7 जून 2023 नंतरच्या करारात असं कलम घालणं हाच मालकाकडून कायद्याचा भंग ठरतो, त्यासाठी दंड होऊ शकतो. म्हणजे ज्या कलमाच्या आधारे त्याला दटावलं, ते लिहिल्याबद्दल कंपनीच अडचणीत होती.

माझा करार जुना. 7 डिसेंबर 2022 पूर्वीच्या करारातलं असं कलम करारात बदल होईपर्यंत लागू राहतं. मग मी जुने मेल चाळले. 2024 च्या सुरुवातीला माझं पद आणि कामाचे तास बदलले होते, त्याच्या पत्रावर दोन्ही बाजूंच्या सह्या होत्या. शेवटी नेहमीचं वाक्य: ‘इतर सर्व अटी पूर्वीप्रमाणे कायम.’ एचआरने नंतर याच वाक्यावर बोट ठेवलं. पण करारात एकदा बदल झाला की नवा हक्क लागू होतो आणि त्याच्या आड येणारी अट निरुपयोगी ठरते. ‘कायम’ म्हटल्याने ती जिवंत होत नाही.

फेअर वर्क ऑम्बड्समनच्या कार्यालयात फोन केला. तिथे नियम समजावून सांगतात, तुमच्या बाजूने निकाल देऊन मोकळे होत नाहीत. तरी नियमाचा हाच अर्थ पक्का झाला. मग एचआरला छोटं पत्र लिहिलं: माझ्या कराराची तारीख, बदलाच्या पत्राची तारीख, सहकाऱ्याच्या संमतीने त्याच्या कराराची तारीख आणि ताकीद लेखी मागे घ्यावी ही विनंती. पगाराबद्दल बोलणं हा कामाच्या ठिकाणचा हक्क असल्यामुळे त्यावरून शिक्षा करणं हा वेगळा कायदेभंग ठरेल, हेही लिहिलं. भांडणाची भाषा टाळली. तारखाच पुरेशा बोलक्या होत्या. काही दिवस शांतता, मग ‘कायदेशीर सल्ल्यानंतर’ ताकीद मागे. नव्या करारांचा मसुदाही बदलला.

आता ज्या गप्पांवरून हे सगळं झालं, त्यांच्याबद्दल. त्याने एक लाख डॉलर सांगितले होते, मी ब्याण्णव हजार. काम एकच. मी मनातून खट्टू झालो होतो. पुन्हा निवांत बसून दोघांची पत्रं शेजारी ठेवली तेव्हा कळलं, त्याचे एक लाख सुपरसह होते, माझ्या ब्याण्णव हजारांवर सुपर वेगळा. (सुपर म्हणजे निवृत्तीसाठी मालकाने भरायची रक्कम.) 2024-25 मध्ये त्याचा दर 11.5 टक्के होता. त्याचा मूळ पगार निघाला सुमारे 89,686 आणि माझा सुपर धरून 1,02,580. कमी पगार त्याचाच होता! नुसता आकडा विचारणाऱ्यांनी हे आधी विचारावं: सुपर आत की बाहेर, आठवड्याचे तास किती. पगार ठरवायला लागणाऱ्या अशा अटीही सांगायचा हक्क आहे.

हा हक्क पगार वाढवून देत नाही. सहकाऱ्याने वार्षिक आढाव्यात फरक मांडला, अनुभव माझ्यापेक्षा जास्त असल्याचं दाखवलं. फरकाचा काही भाग भरून आला, सगळा नाही. शिवाय हक्क स्वतःच्या पगारापुरता आहे. पेरोलवर काम करणाऱ्याला सगळ्यांचे आकडे दिसतात, ते वाटायची मुभा त्याला यातून मिळत नाही.

आमच्या टीममधल्या एका ज्येष्ठ सहकारी बाईंचा करार 2019 चा आहे आणि त्यात आजवर काहीच बदल झालेला नाही. त्यांच्यावर ते कलम अजून लागू आहे. पुढच्या वेळी तास बदलले की लेखी पत्र मागून घ्या, एवढं मी त्यांना सांगितलं आहे. त्यानंतरही पगार सांगायचा की नाही हे त्याच ठरवतील, आणि मी विचारलं तरी उत्तर द्यायला त्या बांधील नसतील.