‘आम्ही’ खोडल्यावर उरलेले दोन खड्डे

एमएसडब्ल्यू या समाजकार्यातल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या प्रवेश अर्जात एक रकाना होता : ‘आपण केलेल्या एका समाजोपयोगी कामाचे वर्णन करा. शब्दमर्यादा 300.’ माझ्याकडे एनएसएसचं सात दिवसांचं निवासी शिबिर होतं, म्हणून एका बैठकीत लिहून टाकलं. ‘आम्ही गावात स्वच्छतेबाबत जनजागृती केली, 9 शोषखड्डे खोदले आणि गाव सांडपाणीमुक्त झाले. या शिबिरातून मला नेतृत्वगुण शिकायला मिळाले.’

आमच्या कार्यक्रम अधिकारी मॅडमनी कागद वाचला आणि ‘आम्ही’वर पेन टेकवलं. “यात तू कुठे आहेस?”

राग आला होता, खरं सांगते. शिबिरात 50 जण होतो, ‘आम्ही’ नाही म्हणणार तर काय? पण घरी येऊन शिबिराची वही उघडली आणि फक्त माझ्या हातून झालेलं वेगळं काढलं. नऊपैकी दोन खड्डे आमच्या सहाजणांच्या गटाचे होते. शिवाय कोणत्या घरांचं सांडपाणी रस्त्यावर येतं, त्याची दारोदार फिरून केलेली यादी माझी होती. बाकी सात खड्ड्यांना माझा हातसुद्धा लागला नव्हता. तसंच लिहिलं. वाक्य लहान झालं, पण ‘यादी कशी केलीस?’ असं कुणी विचारलं तर मला अर्धा तास बोलता आलं असतं.

‘सांडपाणीमुक्त’ या शब्दाला पुरावा काय, हा मॅडमचा दुसरा प्रश्न. शिबिर जानेवारीत झालं होतं. नंतर आमच्यातलं कुणीच गावात फिरकलं नव्हतं. ऑगस्टमध्ये मी आणि एक मैत्रीण एसटीने गेलो आणि नऊही खड्डे पाहिले. पाच व्यवस्थित पाणी जिरवत होते. तीन तुंबले होते. एकावर फरशी टाकून म्हैस बांधली होती, त्यामुळे त्याचं काय झालं ते कळलंच नाही.

शोषखड्डा म्हणजे साधारण मीटरभर लांब, रुंद आणि खोल. तळाशी मोठे दगड, वर लहान होत जाणारे, आणि तोंडाशी भोकं पाडलेलं मडकं. मडक्यात नारळाच्या शेंड्या ठेवायच्या, म्हणजे भाताची शितं आणि भांडी घासल्याचा गाळ तिथेच अडकतो. ते मडकं अधूनमधून काढून धुवावं लागतं. तुंबलेल्या तिनांपैकी एकाचं मडकंच गायब होतं आणि दगडांवर चिकट थर बसला होता. उरलेले दोन ओढ्याकडच्या काळ्या मातीत होते. काळ्या मातीत पाणी लवकर जिरत नाही. आधी लहान खड्ड्यात पाणी ओतून ते किती वेळात उतरतं हे पाहायला हवं होतं. आम्ही पाहिलं नव्हतं, कारण समारोपापूर्वी आकडा गाठायचा होता. या दोनांपैकी एक आमच्याच गटाचा.

हे अर्जात घालावं का, यावर दोन दिवस घालवले. शेवटी घातलं, कारणांसकट. ‘गाव’ खोडून ‘पाच घरं’ केलं.

सगळ्यात अडले ते ‘काय शिकलात’ या भागात. ‘नेतृत्वगुण’ काढला तर जागा रिकामी राहत होती. वही पुन्हा चाळताना यादीतलं एक घर दिसलं. त्यापुढे माझ्याच अक्षरात शेरा होता : ‘आजी तयार नाहीत. जागरूकतेचा अभाव.’ तो प्रसंग आठवला. आजींच्या मोरीचं पाणी परसात अळू आणि केळीला जात होतं. कडेचं थोडं रस्त्यावर यायचं, तेवढंच मला दिसलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, “पोरी, पाणी तुला नको असंल, माझ्या अळवाला हवंय.” आम्ही हसलो होतो. खरं तर त्या घराला खड्डा नकोच होता, कडेला हातभर चर पुरला असता. माझ्या यादीत पाणी रस्त्यावर येतं का एवढाच प्रश्न होता. ते आधी कुठे जातं, हा नव्हता. शिकले ते इतकंच, आणि ते तसंच, त्या शेऱ्यासकट लिहिलं.

मॅडमनी दुसरा मसुदा वाचून फक्त समारोपाला सरपंचांनी केलेल्या सत्काराची ओळ काढायला लावली. मला ती ठेवायची होती. पण शब्द 318 झाले होते.

मुलाखतीत नेतृत्वाबद्दल कुणी काही विचारलं नाही. एका सरांनी अर्जावर बोट ठेवून विचारलं, “काळ्या मातीतल्या त्या खड्ड्याचं पुढे काय केलंत?” मी म्हणाले, “काहीच नाही सर, अजून तुंबलेलाच आहे.” त्यांनी काहीतरी टिपून घेतलं आणि पुढचा प्रश्न आजींच्या अळवाबद्दल विचारला.