फुगे फोडा, पण हिशेब शेवटच्या फुग्यापासून: माझा अनुभव

रत्नागिरीत कोडिंग टेस्टची तयारी करणाऱ्या मुलांसोबत मी दरवर्षी हा प्रश्न घेतो. लीटकोडवर तो ३१२ क्रमांकाला Burst Balloons या नावाने आहे. कोड दहा-बारा ओळींचा, पण पाठ करून लिहिला तर एक लूप इकडचा तिकडे झाला तरी कळत नाही. म्हणून आधी कागद घ्यायचा. पावसाळ्यात आमच्याकडे लाइट जाते तेव्हा तर तोच पर्याय उरतो.

नियम असा. फुगे एका ओळीत आहेत आणि प्रत्येकावर एक आकडा आहे. एक फुगा फोडला की डावीकडचा शेजारी, तो स्वतः आणि उजवीकडचा शेजारी, या तिघांच्या आकड्यांचा गुणाकार येईल तितकी नाणी मिळतात. टोकाला शेजारी नसेल तर तिथे १ धरायचा. सगळे फुगे फोडून जास्तीत जास्त किती नाणी मिळतील, ते काढायचं. मार्लेश्वरच्या जत्रेत छऱ्याच्या बंदुकीने फळ्यावरचा फुगा फोडला तर त्याची जागा रिकामी राहते. इथे तसं नाही. फुगा गेला की ओळ सरकते आणि त्याचे दोन शेजारी एकमेकांना चिकटतात. सगळी मेख या सरकण्यात आहे.

उदाहरण म्हणून ४, २, ५, ६ हे चार फुगे घेऊ.

वर्गातली पहिली सूचना ठरलेली असते: आत्ता ज्याचे सगळ्यात जास्त मिळतात तो फोडा. करून पाहू. सुरुवातीला ४ चे ८, २ चे ४०, ५ चे ६० आणि ६ चे ३० मिळतात. ५ फोडला, ६० आले. राहिले ४, २, ६. आता २ चे ४८, मग ४ चे २४, शेवटी ६ चे ६. एकूण १३८. दुसरी सूचना येते: लहान आधी फोडा, मोठे राखून ठेवा. २ चे ४०, ४ चे २०, ५ चे ३०, ६ चे ६, म्हणजे ९६. खरं उत्तर १९० आहे. दोन्ही हावरट युक्त्या त्याच्या आसपासही जात नाहीत. सगळे क्रम तपासावेत तर चार फुग्यांचे २४ होतात, पण बाराच फुग्यांचे ४७ कोटी ९० लाखांवर जातात. प्रश्नात ३०० फुग्यांपर्यंत मुभा आहे.

मग कुणीतरी म्हणतं, "सर, पहिला कुठला फोडायचा ते ठरवू आणि डावा-उजवा भाग वेगळा सोडवू." इथे घाईने पुढे जायचं नाही. समजा पहिला २ फोडला. डावीकडे उरला ४, उजवीकडे ५ आणि ६. आता ४ फोडायचा आहे, तर त्याचा उजवा शेजारी कोण? ५ अजून असेल तर ५, तो गेला असेल तर ६, तोही गेला असेल तर काठाचा १. म्हणजे डाव्या भागाचं उत्तर उजव्या भागात काय झालं यावर अवलंबून राहिलं. भाग वेगळे झालेच नाहीत. कुठले फुगे उरलेत त्याचा संच लक्षात ठेवायचा म्हटलं तर वीस फुग्यांनाच दहा लाखांवर संच होतात.

आता तोच प्रश्न उलट्या टोकाने विचारू: शेवटचा कुठला फुटणार? समजा शेवटचा ५. तो फुटेल तेव्हा ओळीत दुसरं कुणीच नसेल, म्हणून त्याचे १ × ५ × १ = ५ नक्की झाले, बाकीचे कसेही फुटोत. आणि तोवर ५ जागेवर भिंतीसारखा उभा आहे. त्याच्या डावीकडचे फुगे उजवीकडे बघतील तेव्हा फार तर त्यालाच बघतील, पलीकडचं त्यांना दिसणारच नाही. दोन भाग आता खरोखर वेगळे झाले.

हे लिहायचं असं. दोन्ही टोकांना १ जोडून यादी a करायची: १, ४, २, ५, ६, १. जागा ० ते ५. d[i][j] म्हणजे i आणि j शाबूत ठेवून फक्त त्यांच्या मधले सगळे फुगे फोडून जास्तीत जास्त किती मिळतात. i आणि j स्वतः त्यात नाहीत, हे वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवायला सांगतो. मधल्यांपैकी शेवटी फुटणारा k असेल तर तो फुटताना त्याच्या शेजारी i आणि j हेच उरलेले असतात:

```
d[i][j] = max( d[i][k] + a[i]*a[k]*a[j] + d[k][j] ),  i < k < j
```

तक्ता छोट्या अंतरापासून भरायचा. मधे एकच फुगा असेल तर निवड नसते, सरळ गुणाकार: d[0][2] = ८, d[1][3] = ४०, d[2][4] = ६०, d[3][5] = ३०.

मधे दोन फुगे असले की निवड सुरू होते. d[1][4] नीट बघू. बाजूला ४ आणि ६ उभे आहेत, मधे २ आणि ५. शेवटी २ ठेवला तर ४ × २ × ६ = ४८, आणि त्याआधी ५ फुटताना मिळालेले d[2][4] चे ६०, मिळून १०८. शेवटी ५ ठेवला तर ४ × ५ × ६ = १२०, आणि २ चे d[1][3] मधले ४०, मिळून १६०. अर्थात १६० घ्यायचे. मघाशी ६० नाण्यांच्या मोहात जो ५ आधीच फोडला होता तोच इथे थांबवल्यावर १२० देतो. याच पद्धतीने d[0][3] = ६० आणि d[2][5] = ७२ येतात.

मधे तीन फुगे असतील तर d[0][4] = १८४ आणि d[1][5] = १८४. शेवटची पायरी d[0][5]. शेवटी ४ ठेवला तर ४ + १८४ = १८८. शेवटी २ ठेवला तर २ + ८ + ७२ = ८२. शेवटी ५ ठेवला तर ५ + ६० + ३० = ९५. शेवटी ६ ठेवला तर ६ + १८४ = १९०. उत्तर १९०. फोडण्याचा क्रम २, ५, ४, ६ असा निघतो आणि ४० + १२० + २४ + ६ ही बेरीजही जुळते.

"पण डाव्या भागातला आधी फोडायचा की उजव्या भागातला?" हा प्रश्न कुणी विचारला तर मला बरं वाटतं. उत्तर: काहीही चालेल. मधला k उभा आहे तोवर दोन्हीकडची फोडाफोड कशीही मिसळली तरी बेरीज बदलत नाही. म्हणूनच चार फुग्यांचे क्रम २४ असले तरी हिशेबाच्या दृष्टीने वेगळ्या रचना १४ च आहेत.

कोड असा:

```python
def max_coins(nums):
    a = [1] + nums + [1]
    n = len(a)
    d = [[0] * n for _ in range(n)]
    for gap in range(2, n):
        for i in range(n - gap):
            j = i + gap
            for k in range(i + 1, j):
                c = d[i][k] + a[i]*a[k]*a[j] + d[k][j]
                d[i][j] = max(d[i][j], c)
    return d[0][n - 1]
```

बाहेरचा लूप gap चा आहे, म्हणजे अंतराचा. सवयीने बरेच जण i शून्यापासून वर आणि त्याच्या आत j वर असे लूप लावतात. प्रोग्राम चालतो, एररही येत नाही, पण आपल्या उदाहरणाला उत्तर ५६ येतं. कारण d[0][3] काढताना d[1][3] लागतो, तो अजून भरलेला नसतो, तिथे ० वाचला जातो आणि २ या फुग्याची ४० नाणी गायब होतात. ५६ दिसले की मी कोड न बघता सांगतो, लूपचा क्रम तपास. अंतराचा लूप नकोच असेल तर i शेवटापासून शून्याकडे उतरता आणि त्याच्या आत j वर चढता, असं केलं तरी चालतं. गरज एवढीच की आतले तुकडे आधी भरलेले हवेत.

दुसरा ओळखीचा आकडा १६०. टोकांना १ ऐवजी ० लावला की तो येतो. काठाला टेकून फुटणाऱ्या प्रत्येक फुग्याचा गुणाकार शून्य होतो, आणि ४ चे २४ व ६ चे ६, असे नेमके ३० कमी पडतात.

रिकर्शन आणि मेमो वापरणाऱ्यांची अडचण निराळी असते. तक्त्यात ० म्हणजे "अजून काढलं नाही" असं धरलेलं असतं. पण फुग्यावर ० असू शकतो, आणि सगळे फुगे ० असतील तर प्रत्येक खरं उत्तरही ०. मग तोच तुकडा पुन्हा पुन्हा काढला जातो आणि प्रोग्राम अडकून बसतो. सुरुवातीची खूण -1 ठेवायची. शून्याचे फुगे आधीच गाळून टाकले तरी उत्तर बदलत नाही, कारण ते सगळ्यात आधी फोडण्यात तोटा काहीच नाही. त्याच धर्तीवर १ चे फुगे मात्र गाळायचे नाहीत. १०० आणि १०० यांच्या मधला १ फुटताना दहा हजार देऊन जातो.

फोडण्याचा क्रमही छापायचा असेल तर प्रत्येक घरात जिंकलेला k साठवायचा आणि मग (i, k) चा क्रम, (k, j) चा क्रम, आणि त्यानंतर k असं छापायचं. k आधी छापला तर यादी उलटसुलट होते. यासाठी तुलना `>=` ने करावी, नाहीतर जिथे सगळे गुणाकार शून्य आहेत त्या घरात k साठवलाच जात नाही.

वेळेचा अंदाज i < k < j अशा तिकड्यांच्या संख्येवरून येतो. चार फुग्यांना २०, ३०० फुग्यांना ४५,४५,१००. साध्या पायथनमध्येही हे काही सेकंदांत होतं, आणि `a[i]*a[j]` हा गुणाकार k च्या लूपबाहेर काढला तर थोडं आणखी लवकर. फुगे ६०० केले की तिकडी ३ कोटी ६१ लाखांवर जातात, म्हणजे जवळपास आठपट. तिथे पायथन सोडून सी++ घ्यावं. फुग्यावरचा आकडा १०० पर्यंतच असल्याने ३०० फुग्यांची बेरीज ३० कोटींच्या पुढे जाऊ शकत नाही, तेव्हा साधा `int` पुरतो.