शांतादुर्गा स्टोअर्सच्या शोधात

मडगाव स्टेशनवर टॅक्सीत बसले तेव्हा माझ्याजवळ मावशीच्या घराचा पत्ता म्हणून दोनच गोष्टी होत्या. एक लँडलाइनचा नंबर आणि "शांतादुर्गा जनरल स्टोअर्सपाशी ये" हा आईमार्फत आलेला निरोप. फोन नुसता वाजत होता, उचलत कोणीच नव्हतं. मोबाइलच्या नकाशात दुकानाचं नाव टाकलं, तर गोवाभर लाल टिंबं उमटली.

ड्रायव्हरकाकांनी नंबर मागून घेतला. "०८३२ सगळ्या गोव्याचो. पुढचे आकडे सांगा." मी सांगितले. "तेवीस? म्हणजे फोंड्याकडे. मडगावचा असता तर सत्तावीस आला असता." एवढं बोलून त्यांनी गाडी सुरू केली. मावशीचं आडनाव नाईक असल्याचं सांगितल्यावर मात्र ते मोठ्यानं हसले. नाईक विचारत गेलो तर अख्खा वाडा बाहेर येईल म्हणे.

राय, मग बोरीचा पूल. खाली जुवारी. सोळाव्या शतकात पोर्तुगीज देवळं पाडू लागले, तेव्हा सासष्टीतले देव नदीपलीकडे अंत्रुजात, म्हणजे आजच्या फोंडा तालुक्यात आणले गेले. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली, लोटलीचा रामनाथ बांदोड्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. आमची अडचण तिथूनच सुरू होत होती, कारण या भागात दुकानाला दुसरं नाव सुचणार तरी कुठलं?

मी म्हटलं, सरळ कवळ्याच्या देवळापाशीच जाऊन विचारू. काकांनी मान हलवली. "बाय, देवळाजवळ राहणारा माणूस देवळाजवळ म्हणून सांगणार. दुकान कशाला सांगेल? दुकान सांगितलं म्हणजे तिथं देऊळ ना, शाळा ना, बसस्टॉपय ना. फक्त दुकान." पत्त्यात काय दिलंय यापेक्षा काय दिलेलं नाही, ते हा माणूस वाचत होता. त्या हिशेबानं कवळ्याचं देऊळ, रामनाथी, नागेशी असा सगळा गजबजलेला भाग बाद झाला. उरले आतले वाडे, जिथं रस्ता अरुंद होत सुपारी-नारळाच्या कुळागरात शिरतो.

पंचायतीचा घर नंबर तरी हवा होता, असं मी पुटपुटले. त्याचाही उपयोग नसतो म्हणे. एका घराचे दोन भाऊ वेगळे झाले की एकाच नंबराला 'ए', 'बी' लागतं, आणि पुढचा नंबर शेजारी सापडेलच असं नाही.

पहिली शांतादुर्गा सापडली ती हार्डवेअरची. दुसरी बंद, आणि तिच्या समोरच बसस्टॉप. काकांनी तिथं गाडीसुद्धा थांबवली नाही. मग एका वळणावर पॉंक पॉंक ऐकू आलं आणि त्यांनी कचकन ब्रेक दाबला. सायकलवर मोठी टोपली, तिच्यावर निळं प्लास्टिक, संध्याकाळचे पाव घेऊन पोदेर निघाला होता. पोदेराला दारोदारची माहिती, पोस्टमनपेक्षा जास्त, कारण पोस्टमन पत्र असेल तरच येतो. काकांनी त्याला दुकान विचारलंच नाही. एकटी म्हातारी बाई, घरात जुना फोन, मुंबईची माणसं येतात, असं विचारलं. तो पाव मोजता मोजता म्हणाला, असं घर पुढच्या वाड्यावर आहे, उतारावर, पण तिथल्या दुकानाचं नाव त्याला माहीत नव्हतं. सगळे मालकाच्याच नावानं ओळखतात.

उतारावर घरं बरीच होती, सगळ्यांपुढे तुळशीवृंदावन, सगळ्यांची दारं सारखीच. इथे काकांनी इंजिन बंद केलं. "आता फोन लावा आणि लावूनच ठेवा." मी गाडीत फोन कानाला लावून बसले आणि ते एकेका फाटकापाशी जाऊन कान देत पुढे सरकले. एका घरातून कुत्रं भुंकलं, दुसऱ्यातून टीव्हीची मालिका. तिसऱ्या कुंपणापाशी ते थांबले, हात वर केला. माझ्या कानात जी रिंग जात होती, तिच्याच जोडीनं घरात ट्रिंग ट्रिंग चाललं होतं. मी फोन बंद केला, आतलं वाजणं थांबलं. परत लावला, परत सुरू.

दाराला कुलूप होतं.

"म्हणजे बाई दुकानार," काका म्हणाले आणि गाडी मागे फिरवली. खरंच, मघाशी जिच्यावरून आलो त्या टपरीवजा दुकानाच्या बाकावर मावशी बसली होती, माझी वाट बघत. दुकानाला पाटीच नव्हती. रस्ता रुंद करताना काढली, ती परत लावायची राहिली, मालकानं सांगितलं.

मावशीनं काकांना सोडलं नाही. गाव कुठलं, कुळ कुठलं, असं खोदत खोदत तिनं काकांच्या सासुरवाडीतलं एक लांबचं नातं शोधून काढलं आणि चहा पाजला. वेटिंगचे पैसे त्यांनी घेतले नाहीत, ठरलेलंच भाडं घेतलं. मग मावशीचा नंबर स्वतःच्या मोबाइलमध्ये भरला. नाव काय टाकताय म्हणून मी डोकावले, तर देवनागरीत टाइप केलं होतं, 'शांतादुर्गा, बोर्ड ना'.