पंचेचाळीस मिनिटांची बाजू

माळा आवरताना बुटांच्या खोक्यात तेवीस कॅसेटी सापडल्या. सगळ्या नव्वद मिनिटांच्या. वरच्या कागदावर मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत गाण्यांची नावं, मधूनमधून बाण, आणि कण्यावर फक्त तारीख. एक कॅसेट हातात धरून बायकोने विचारलं, "५/८/७७. पाच ऑगस्टला काय झालं होतं?" मी म्हटलं, "ऑगस्ट नाही, मे. अमेरिकन तारीख आहे." "मग आठ मेला काय झालं होतं?" याचं उत्तर माळ्यावर उभं राहून देण्यासारखं नव्हतं.

१९९४ साली मी न्यू जर्सीत नोकरीला होतो. शेजारच्या टेबलावर पन्नाशीचा एक सहकारी बसायचा. कामाचं सोडून फारसं बोलायचा नाही. एकदा त्याच्या गाडीतून जाताना एक गाणं सुरू झालं आणि आम्ही उतरेपर्यंत संपलंच नाही. वीस मिनिटं सहज झाली असतील. मी सवयीने म्हणालो, "हा तर ख्याल झाला." त्याने गाडी थांबवून माझ्याकडे पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी नियम सांगितला. नवख्याने दोन कोऱ्या कॅसेटी द्यायच्या आणि परतीच्या टपालाचं, तिकिटं लावलेलं पाकीट द्यायचं. समोरचा त्यांत गाणी भरून परत पाठवतो, पैसे घेत नाही. "तू शेजारीच बसतोस," तो म्हणाला, "तुला पाकीट माफ."

बँड होता ग्रेटफुल डेड. १९६५ साली कॅलिफोर्नियात सुरू झाला आणि जेरी गार्सिया हा त्यांचा गिटारवादक १९९५ मध्ये गेला तेव्हा थांबला. मधल्या तीस वर्षांत सुमारे २,३०० कार्यक्रम. जॅम बँड ही जातकुळी मुख्यतः त्यांच्यापासून मोजतात. गाणं म्हणजे यांच्यासाठी बंदिश. मुखडा ठरलेला, पण विस्तार त्या रात्रीचा. आज काय वाजवायचं तेही बरंचसं ऐन वेळी ठरायचं, आणि एका गाण्यातून न थांबता दुसऱ्यात शिरायचे. कागदावरचा बाण म्हणजे तो शिरकाव. रेडिओला तीन मिनिटांचं गाणं लागतं. यांचं तीन मिनिटांत कधीकधी वाद्य जुळवूनही होत नसे.

त्यामुळे रेकॉर्ड कंपनीशी यांचं गणित सुरुवातीपासूनच फसलेलं. १९६९ पर्यंत स्टुडिओत प्रयोग करकरून कंपनीचं लाखाहून जास्त डॉलरांचं देणं झालं होतं. त्या वर्षी त्यांनी कंपनीला कार्यक्रमांतली ध्वनिमुद्रणंच जोडतबकडी म्हणून दिली. स्टुडिओचं भाडं वाचलं आणि बँड प्रत्यक्षात कसा वाजतो तेही लोकांना पहिल्यांदा घरी ऐकू आलं. मग १९७१ च्या एका तबकडीच्या वेष्टनात त्यांनी रसिकांना आवाहन छापलं: तुम्ही कोण, कुठे आहात, कळवा. लोकांनी पत्ते पाठवले. तारखा, बातम्या थेट घरी जाऊ लागल्या, रेडिओवाल्याच्या मर्जीची गरज उरली नाही. १९८३ पासून तिकिटंही ते स्वतः टपालाने विकायला लागले. मनीऑर्डर पाठवायची, सोबत आपला पत्ता लिहिलेलं पाकीट. लोक त्या पाकिटांवर रंगीत चित्रं काढायचे. चित्र बघून तिकीट लवकर मिळतं अशी एक श्रद्धा होती, आणि श्रद्धेला आपण काय म्हणणार!

पोट भरायचं ते तिकिटावर. आणि तिकीट विकायचं काम करत होत्या या कॅसेटी.

रोज वेगळं वाजवणारा बँड असला की कालचं ऐकलेल्यालाही उद्याचं ऐकायचं असतं. मुक्कामावर जाता आलं नाही तर निदान टेप तरी हवी. म्हणून लोक मायक्रोफोन घेऊन यायला लागले. आधी कोटाच्या आत, पावात लपवून म्हणा हवं तर, मग उघडपणे उंच काठीवर बांधून. बँडने फार हटकलं नाही. वाजवून झालं की आमचं काम संपलं, पुढे तुम्ही न्या, अशी गार्सियाची वृत्ती. अट एकच, विकायचं नाही. अडचण वेगळीच झाली. ऐकू चांगलं येतं ते ध्वनिसंयोजकाच्या टेबलापुढे, म्हणून सगळ्या काठ्या तिथे. त्या जंगलातून टेबलावर बसलेल्याला रंगमंच दिसेना. शेवटी ऑक्टोबर १९८४ मध्ये बर्कलीच्या कार्यक्रमात टेपवाल्यांसाठी टेबलामागे वेगळी जागा झाली आणि पुढे तिची तिकिटंही वेगळी निघाली. अधिकृत मान्यता मिळाली ती अशी, एकाला समोरचं दिसत नव्हतं म्हणून. आणि मान्यता मिळताच जागा मागे गेली, आवाज थोडा पातळ झाला.

टेपवाल्याची खरी परीक्षा पंचेचाळिसाव्या मिनिटाला. नव्वदच्या कॅसेटची एक बाजू तेवढीच, आणि यांचा उत्तरार्ध सव्वा ते दीड तास. म्हणजे मध्ये कधीतरी उलटवायला लागणार. दोन गाण्यांच्या मध्ये उलटवली तर वाह वा. बाणाच्या मधोमध फीत संपली तर तुमचं नाव कायमचं खराब. सहकारी सांगायचा, उत्तरार्धात फक्त ढोलांचा एक लांब भाग असायचा, बरेचजण तिथेच हात चालवून घेत. परिणाम असा की गिटारची सुरावट अखंड आणि तालवाद्यं तुटकी, अशा टेपा गावभर. मला याचं वाईट वाटायचं, कारण त्या ढोलांवर असणारा मिकी हार्ट हा उस्ताद अल्लारखाँकडे शिकलेला, आणि मुंबईच्या झाकीर हुसेन यांच्याबरोबर त्याने पुढे कितीतरी काम केलं. तालाचं हिशोबी प्रकरण, आणि त्यातच लोक मात्रा खायचे.

घरी प्रत काढायचे नियम त्याहून कडक. दोन डेक जोडायचे, वेगात नक्कल करणारं बटण दाबायचं नाही. तीन तासांच्या कार्यक्रमाला तीन तासच द्यायचे. आवाजातली सूं कमी करणारं डॉल्बी बंद ठेवायचं, कारण एकाने लावून भरलं आणि दुसऱ्याने न लावता वाजवलं की आवाज टोचतो, आणि उलट झालं की गोधडीखालून आल्यासारखा वाटतो. तरीही प्रत्येक प्रतीत आधीची सूं तर येतेच, वर नव्या फितीची स्वतःची पडते. म्हणून टेप हातात आली की पहिला प्रश्न: कितवी पिढी? मूळ, पहिली, दुसरी... पाचवीच्या पुढे झांज म्हणजे पाऊस पडतोय असं वाटायला लागतं. एक गंमत त्याने कानाने ओळखायला शिकवली. रेकॉर्डिंग करताना बॅटरी उतरत गेली तर फीत हळू सरकते, आणि घरी नेहमीच्या वेगाने लावली की शेवटची गाणी भरभर आणि चढ्या सुरात येतात. अशा टेपेत गार्सिया रात्र सरेल तसा तरुण होत जातो.

सूं वाढू नये म्हणून त्यांनी झाड केलं होतं. समजा चांगली मूळ टेप एकाकडे आहे. तो पाच फांद्यांना देणार, त्या प्रत्येकी पाचांना, ते आणखी पाचांना. शेवटच्या रांगेत सव्वाशे माणसं, पण त्यांच्या हातात तिसरीच पिढी, आणि कोणालाच पाचांहून जास्त कॅसेटी भराव्या लागल्या नाहीत. हेच एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला असं केलं असतं तर सव्वाशेव्या माणसाला फक्त सूं मिळाली असती. झाड सुकायचं ते एका कारणाने: मधली एखादी फांदी "या आठवड्यात करतो" म्हणायची आणि तिच्याखालची तीस माणसं टपालाची पेटी उघडत बसायची.

तर आठ मे १९७७. न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका गावी कॉर्नेल विद्यापीठाचं बार्टन हॉल. मे महिन्यात बाहेर बर्फ पडलं होतं, हे गेलेला प्रत्येकजण आधी सांगतो. त्या रात्री 'स्कार्लेट बेगोनियाज'मधून 'फायर ऑन द माउंटन'मध्ये शिरायला आणि ते पुरं करायला त्यांना मिळून पंचवीस मिनिटांहून थोडी जास्तच लागली. ती जागा ऐकताना, एक गाणं कुठे संपलं हे मला तीस वर्षांत पकडता आलेलं नाही. प्रेक्षकांतून केलेल्या टेपा होत्याच, पण हिचं नाव झालं वेगळ्या प्रतीमुळे. बँडची ध्वनिमुद्रक बेटी कँटर-जॅक्सन टेबलावरून थेट मोठ्या रिळांवर मुद्रण करत असे. तिची रिळं भाड्याच्या गोदामात होती. भाडं थकलं, आणि १९८६ मध्ये गोदामातला माल लिलावात गेला. हजाराच्या घरात रिळं अनोळखी लोकांच्या हाती पडली, आणि त्यांच्या प्रती झाडांवर चढल्या. टाळ्या दूर, गिटार कानाशी. पुढे अमेरिकेच्या काँग्रेसच्या ग्रंथालयाने जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या यादीत हा कार्यक्रम घेतला. बाजारात रीतसर आला तो थेट २०१७ साली, चाळीस वर्षांनी. तोवर ज्याला हवा त्याच्याकडे तो होताच. तरी लोकांनी विकत घेतला.

आणि रेडिओ? तो एकदाच वळला. १९८७ साली 'टच ऑफ ग्रे' हे गाणं अमेरिकेच्या यादीत नवव्या क्रमांकावर पोचलं. बावीस वर्षांनी पहिल्यांदा! सहकाऱ्याच्या मते तिथूनच बिघडलं. टेपांवर वाढलेल्यांना ठाऊक असायचं की गर्दीत कसं वागायचं. गाणं ऐकून आलेल्यांना फक्त आत शिरायचं होतं. तिकीट नसलेले हजारो लोक वाहनतळावर मुक्काम ठोकायला लागले. बँडने तिथे राहायला आणि दुकानं मांडायला बंदी घातली. तिकीट नसेल तर येऊ नका अशी विनवणी केली. जुलै १९९५ मध्ये इंडियानात लोकांनी कुंपण पाडलं आणि दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम रद्द करावा लागला. महिन्याभराने गार्सिया गेला. सगळं खापर एका गाण्यावर फोडणं मला जरा जास्तच वाटतं, पण त्या दिवशी मी वाद घातला नाही. सहकारी टेबलाशी नुसता बसून होता.

मी त्याचं काही देणं लागत होतो. त्या दिवाळीत पुण्याला आलो तेव्हा सदाशिव पेठेतल्या काकांकडे गेलो. काकांकडे खासगी मैफलींच्या टेपांचं एक कपाट आहे, त्याला कुलूप आहे, आणि किल्ली जानव्याला. "काका, एक प्रत करून देता का? अमेरिकेत एकाला द्यायचीय."

"ऐकायला ये म्हणावं. चहा करीन. टेप घराबाहेर जात नाही."

मी तासभर झाडाचं गणित सांगितलं. फांद्या, पानं, पाचपाच माणसं. काकांनी शांतपणे ऐकलं, काकूंनी मागून खूण केली, आणि निघताना एक कॅसेट माझ्या पिशवीत पडली. वर तारीख नाही, नाव नाही, नुसतं 'यमन, उत्तम'.

जानेवारीत ती त्याच्या टेबलावर ठेवली. त्याने उलटसुलट पाहिली आणि विचारलं, "कितवी पिढी?" मी रात्री पुण्याला फोन लावला.

"पिढी?" काका ओरडले. "तिसरी! नातू शाळेत जायला लागला. त्याला कशाला हवीय ही चौकशी?"

सकाळी मी त्याला सांगितलं, "तिसरी." त्याने मान डोलावली आणि पेन्सिलीने तसं लिहून घेतलं.