कॉम्प्रेसर नीट होता, गणित अर्धंच होतं

बटाट्याच्या एका कोल्ड स्टोरेजच्या मालकांचा फोन आला. "सर, कॉम्प्रेसर गेलाय बहुतेक, क्विंटलमागे वीज डबल लागतेय, ओव्हरहॉलला काढू का?" म्हटलं काका, थांबा, आधी मी येऊन बघतो, कारण एकदा मशीन उघडलं की खर्च झालाच समजा.

चेंबर 1000 टनाचं, म्हणजे 10,000 क्विंटल, आत साडेतीन डिग्री. पोचल्यावर आधी गेज बघितले. अमोनियाचं सक्शन, म्हणजे कॉम्प्रेसरमध्ये शिरतानाचा दाब, 40 पीएसआयच्या आसपास, डिस्चार्ज, म्हणजे बाहेर पडतानाचा, 195. म्हणजे गॅस उणे तीनच्या जवळ उकळतोय आणि 37-38 ला कंडेन्स होतोय, कॉइल आणि खोलीत सहा-सात डिग्रीचा फरक. एवढं चांगलं असताना कॉम्प्रेसरला दोष कसा देणार? मग मीटरचं रजिस्टर मागितलं. चेंबर भरलेलं असताना महिन्याला साधारण 15,300 युनिट, आणि आता 12,700. म्हणजे युनिट तर कमीच झाले होते! पण आत माल उरला होता फक्त 4000 क्विंटल. आधी क्विंटलमागे दीड युनिट पडायचं ते आता 3.2 झालं, युनिटला 8 रुपये धरले तर 12 रुपयांचे साडेपंचवीस.

तिथेच टेबलावर लोड, म्हणजे आतून सतत बाहेर काढावी लागणारी उष्णता, मांडला. बटाटा जिवंत असतो, श्वास घेतो, या तापमानाला टनामागे साधारण 18 वॉट उष्णता सोडतो, म्हणजे 1000 टनाला 18 किलोवॉट. भिंती, छत आणि जमिनीतून 11, कार्बन डायऑक्साइड काढायला ताजी हवा घेतो तिचे 5, माणसं-दिवे-दार मिळून 2, आणि कूलरच्या पंख्यांचे 7. एकूण 43. माल 400 टन झाला की श्वासाचे 18 वरून 7 वर येतात, बाकी सगळं तसंच राहतं, बेरीज 32. माल साठ टक्के कमी झाला पण लोड जेमतेम पाव भाग कमी झाला!

काकांचं म्हणणं होतं की खरी वीज तर लोडिंगला जाते, गरम माल थंड करायला. बऱ्याच जणांना असंच वाटतं, म्हणून तेही काढून दाखवलं. 100 किलो बटाटा 28 वरून 3 डिग्रीवर आणायला साधारण अडीच युनिटएवढी उष्णता काढावी लागते, आणि आपलं प्लांट एका युनिट विजेत तीन युनिट उष्णता काढतं, म्हणजे वीज एक युनिटसुद्धा नाही, तीही एकदाच. लोडिंगच्या दिवसात प्लांटवर ताण येतो हे खरं, पण पुढचे सात-आठ महिने नुसतं थंड ठेवायला दर महिन्याला त्याहून जास्त जाते.

आता या ठरलेल्या खर्चात हात कुठे घालायचा? भिंती बदलता येत नाहीत. राहिले पंखे, क्लॅम्प मीटर लावून बघितलं तर खरंच 7 किलोवॉट, चोवीस तास. हा खर्च दोनदा बसतो बरं का, पंखा वीज खातो ती सगळी आत उष्णता होते आणि ती बाहेर काढायला कॉम्प्रेसर परत तिसरा हिस्सा खातो. 7 चे झाले 9 च्या वर, जवळपास अर्धं बिल हेच.

मग पंख्यांचा वेग कमी-जास्त करणारा व्हीएफडी बसवला, स्पीड 60 टक्के. पंख्याची वीज स्पीडच्या घनाने उतरते, त्यामुळे 7 चे दीड किलोवॉट झाले. पण माझा जीव टांगणीला होता, कारण हवा कमी झाली की थप्पीच्या मधोमध माल गरम होतो, छताला पाणी सुटतं, ते थेंब गोण्यांवर पडले की सड लागते, आणि असा माल सडवून वाचवलेली वीज कुणाला हवीय. म्हणून हवेचं तापमान न बघता वरच्या आणि मधल्या गोण्यांतल्या बटाट्यात काटा खुपसून रोज तापमान घ्यायला लावलं. पहिल्या आठवड्यात मधला बटाटा वरच्यापेक्षा दीड डिग्री गरम निघाला, तेव्हा रोज दोन तास पंखे फुल स्पीडवर चालवले आणि फरक एकाच्या आत आला.

पुढच्या महिन्यात माल तेवढाच असताना मीटर 8,300 वर थांबलं. क्विंटलला 2.1 युनिट, 17 रुपयांच्या आत. माझ्या कागदावर 1.9 येत होतं, राहिलेला फरक रोजच्या दोन तास फुल स्पीडचा आणि कमी लोडवर अर्धवट चालणाऱ्या कॉम्प्रेसरचा होता. कॉम्प्रेसर अजून तसाच चालतोय, ओव्हरहॉल केलं नाही. काका आता रजिस्टरमध्ये युनिटशेजारी त्या दिवशीचा शिल्लक मालही लिहितात.