पासबुकातले सत्तर पैसे

आमच्या घरात कुणाचंही पासबुक प्रिंट होऊन आलं की त्याचा फोटो माझ्या व्हॉट्सॲपवर येतो, मला आकडे बघायला आवडतात एवढं एकदा सगळ्यांना कळलंय ना, झालं. परवा सिद्धेश्वर पेठेतल्या काकूंनी पाठवला, खाली मेसेज, "पैसे कुठं जाऊलालेत बघ की जरा."

फोटो नेहमीसारखाच. शिलाईजवळ पान वाकलेलं, प्रिंटरची रिबन म्हातारी, आणि ओळी थोड्या सरकलेल्या, त्यामुळे काढलेले पैसे की भरलेले हेच कळेना. अशा वेळी मी आधी शिल्लक रकमेचा रकाना बघते. फोनने फोटोतलं अक्षर ओळखून एका ओळीत १७७० लिहिलं होतं, पण वरची शिल्लक ८,४१२.३० आणि खालची ८,३९४.६०, म्हणजे गेले फक्त १७.७०, टिंब फोटोत पुसट झालेलं. मागच्या शिल्लकेतून रक्कम वजा केली आणि पुढची शिल्लक जुळली की ती ओळ खरी, नाहीतर कुठंतरी तीनाचा आठ झालाय किंवा एक ओळ अंगठ्याखाली गेलीय.

आता हे १७.७० काय? नाव वाचत बसू नका, तिथं अर्धवट कापलेली इंग्रजी अक्षरं असतात. १.१८ ने भागा. पंधरा आले बरोबर! १८ टक्के जीएसटी लावलेला बँकेचा स्वतःचा चार्ज, काकूंच्या बाबतीत एसएमएसचा, दर तिमाहीला. त्याच पानावर २३६ होते, भागले की २००, ते एटीएम कार्डाचे वर्षाचे. आणि २९५ म्हणजे २५०, हा मात्र दंड, कारण हप्ता ५ तारखेला कापायला आला आणि पेन्शन जमा झाली ७ ला. भागून गोल आकडा आला म्हणजे शंभर टक्के बँकच असं नाही, पण माझी पहिली शंका तिथंच जाते.

वर्गवारी करताना लोक एक गडबड करतात, सारखी रक्कम दिसली की "हे दर महिन्याचं" म्हणून मोकळे होतात. काकू एटीएममधून दर वेळी २००० च काढतात, कधी चार दिवसांनी तर कधी वीस, त्याला ठरलेला खर्च कसं म्हणायचं? तो रोख म्हणून वेगळा ठेवायचा, पुढं त्यातून भाजी आली की शेंगा चटणी हे पासबुकाला माहीत नसतं. उलट दूधवाल्याला एका महिन्यात १,८६०, दुसऱ्यात १,९२२, फेब्रुवारीत १,७३६. रक्कम दर वेळी वेगळी, पण तिन्हींना ६२ ने भाग जातो, रोजचं एक लिटर, तीस, एकतीस आणि अठ्ठावीस दिवस. म्हणून रकमेआधी दोन नोंदींमधलं अंतर बघावं असं माझं मत.

वर्षातून एकदाच येणारं कापणं तर एका पानावर सापडतच नाही, त्याला मागच्या मे-जूनचं पान लागतं. ४३६ जीवन ज्योती विम्याचे, २० सुरक्षा विम्याचे, दोन्ही १ जूनच्या आसपास. काकूंच्या दुसऱ्या बँकेच्या पासबुकातही ४३६ निघाले! दोन खात्यांतून दोनदा हप्ता भरला तरी जीवन ज्योतीचं संरक्षण दोन लाखांचंच राहतं, जास्तीचा हप्ता वाया. एका बँकेत जाऊन बंद करायचा अर्ज द्यावा लागतो, तो त्या आता देणारेत.

सगळ्यात मजा १९९ ची. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, तिन्ही वेळा महिन्याच्या सुरुवातीला, समोरचं नाव कुठल्यातरी पेमेंट कंपनीचं. मी मागं गेले तर जानेवारीअखेरीस एक रुपया गेलेला आणि लगेच परत आलेला. हा एक रुपया दिसला की बहुतेक वेळा कुणीतरी "फ्री ट्रायल" दाबलेलं असतं, तेव्हाच ऑटोपेची परवानगी दिली जाते. त्याच जानेवारीत सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेला आलेला नातू काकूंचा फोन घेऊन बसायचा, त्याला फोन लावला तर म्हणतो, "आजी, मी ते ॲप कधीच काढून टाकलं की!"

ॲप काढलं तरी परवानगी तशीच राहते बाबा. ती काकूंच्या यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेच्या यादीत जाऊन रद्द करावी लागते, मग पिन टाकायचा. आम्ही फोनवरच केलं ते. गेलेले ५९७ काही परत आले नाहीत, ते नातवाच्या दिवाळीच्या पैशातून कापणार असं काकूंनी जाहीर केलंय, आणि दर महिन्याला थोडे थोडे कापू का एकदम, हे मलाच विचारलाल्यात.