‘चिनी म्हण’ खरी की खोटी : एक तपास

‘एक चित्र हजार शब्दांच्या तोडीचं असतं’ हे वाक्य मराठीत पाहुण्यासारखं आलं आणि घरचं झालं. खाली बहुतेक वेळा ‘चिनी म्हण’ असं लिहिलेलं असतं. हे वाक्य मी कसं तपासलं ते क्रमानं सांगतो, कारण बहुतेक बनावट म्हणी याच वाटेनं पकडता येतात.

पहिलं काम म्हणजे मराठी वाक्य बाजूला ठेवणं. भाषांतरात शब्द इतके बदलतात की त्यावरून मूळ सापडत नाही. हे वाक्य आपल्याकडे इंग्रजीतून आलं, म्हणून जुन्या छापील मजकुरात आधी इंग्रजी शोध घेतला. शोधताना पूर्ण वाक्य न टाकता न बदलणारा तुकडाच अवतरणात टाकायचा: "thousand words". त्याआधीचा शब्द कधी ‘चित्र’ असतो, कधी ‘नजर’, आकडाही कधी हजार असतो, कधी दहा हजार. पूर्ण वाक्य टाकलं तर जुनी रूपं निसटतात.

मग सर्वांत जुना छापील उल्लेख गाठायचा. इथे हमखास एक चूक होते. मासिकांच्या डिजिटल संग्रहात कधीकधी संपूर्ण मालिकेला पहिल्या अंकाचं साल चिकटवलेलं असतं. १९३० चा अंक १८८० चा म्हणून दिसतो आणि आपण फसतो. त्यामुळे अंकाचं मुखपृष्ठ किंवा पानावरची तारीख डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी साल लिहीत नाही.

हाती लागलं ते असं. १९११ मध्ये अमेरिकेतल्या सिरॅक्यूज शहरात, जाहिरातवाल्यांच्या सभेत संपादक आर्थर ब्रिस्बेन यांनी ‘चित्र वापरा, ते हजार शब्दांच्या मोलाचं असतं’ असा सल्ला दिला. तिथे चीनचं नाव नाही. ८ डिसेंबर १९२१ च्या ‘प्रिंटर्स इंक’ या जाहिरात-व्यवसायाच्या नियतकालिकात फ्रेड बार्नार्ड यांनी ‘एक नजर हजार शब्दांच्या मोलाची’ असं छापलं आणि ते एका जपानी तत्त्वज्ञाच्या नावावर टाकलं. ट्राममधल्या जाहिराती विकणं हा त्यांचा धंदा होता. १० मार्च १९२७ ला त्यांनीच पुन्हा छापलं : नजरेचं चित्र झालं, हजाराचे दहा हजार झाले, जपानी तत्त्वज्ञ जाऊन ‘चिनी म्हण’ आली आणि सोबत चिनी अक्षरंही. लोकांनी गांभीर्यानं घ्यावं म्हणून चिनी म्हटलं, असं त्यांनी पुढे सांगितल्याची नोंद आहे. सहा वर्षांत देश बदलतो, आकडा दहापट होतो आणि सांगणारा माणूस मात्र तोच राहतो. माझ्या मते बनावटीची याहून मोठी खूण नाही.

इथे थांबलं तर तपास अर्धाच राहतो. ज्या भाषेचं नाव घेतलंय, त्या भाषेत तसं काही आहे का, हेही पाहायला हवं. चिनीत आहे : ‘बाय वेन पू रू यी च्येन’, म्हणजे शंभरदा ऐकण्यापेक्षा एकदा पाहिलेलं बरं. ‘हानशू’ या इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या इतिहासग्रंथात ती येते. सत्तरी ओलांडलेला सेनापती चाओ छोंगक्वो सम्राटाला सांगतो, की सीमेवरची स्थिती दुरून मोजता येत नाही, मी स्वतः जाऊन पाहतो. म्हणजे खरी म्हण प्रत्यक्ष पाहण्याबद्दल आहे. चित्राचा तिच्यात पत्ता नाही. म्हणून ‘चिनीत असंच काहीतरी आहे’ एवढ्यावर कुणाचं समाधान करू नये.

मराठी म्हणीला हीच वाट, फक्त साधनं वेगळी. मोल्सवर्थचा कोश (१८३१, वाढवलेली आवृत्ती १८५७), मॅनवेरिंगचा १८९९ चा म्हणींचा संग्रह आणि दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश’ हे तीन मी आधी उघडतो. जुन्या छपाईत ‘वांकडें’, ‘नाचतां’ असे अनुस्वार असतात. आजचं शुद्धलेखन टाइप केलं की कोश रिकामा दिसतो. म्हणून म्हणीतलं नाम घेऊन, जसं की ‘अंगण’, त्याची नोंद चाळावी. जुनी म्हण फिरता फिरता रूपं बदलते : कुणी ‘नाचता येईना अंगण वाकडे’ एवढंच म्हणतं, कुणी पुढे ‘रांधता येईना ओली लाकडे’ जोडतं. बनावट वाक्य मात्र स्वल्पविरामासकट सगळीकडे एकसारखं दिसतं, कारण ते तोंडातोंडी फिरलेलं नसून चिकटवत गेलेलं असतं. ‘सकारात्मक’सारखा आजचा शब्द दिसला की माझा संशय पक्का होतो. ‘आफ्रिकन म्हण’ दिसली तरी तेच. दोन हजारांच्या आसपास भाषा असलेल्या खंडातली नेमकी कुठली भाषा, हे सांगणाराला सांगता आलं पाहिजे.

कोशात न सापडणं म्हणजे बनावट, असं मात्र मी लिहीत नाही. कोशकारांपर्यंत न पोचलेल्या म्हणी खेडोपाडी पुष्कळ आहेत. दोन वेगळ्या गावांतल्या, एकमेकांना न ओळखणाऱ्या वयस्क माणसांनी ती थोड्या वेगळ्या रूपात सांगितली, तर मी ती जुनी धरतो आणि नोंदीत ‘मौखिक’ असं लिहून गावांची नावं टाकतो. चित्राच्या वाक्यापुढे माझ्याकडे नोंद आहे ती अशी : ‘अमेरिकी जाहिरात-व्यवसाय, १९११, चिनी ठसा, १९२७.’